पगार थांबला तर किती कमी पडतील?

तरुण जोडप्यांना इमर्जन्सी फंडाबद्दल विचारलं तर बहुतेकांकडून एकच ठरीव वाक्य ऐकू येतं: सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा. पण खर्च म्हणजे नेमका कोणता, दोघंही कमावत असतील तर सहा महिने कशाचे मोजायचे, आणि ती रक्कम साठेपर्यंत मधल्या काळात काही झालं तर काय, हे त्या वाक्यात कुठंच येत नाही. म्हणूनच सहा महिन्यांचा आकडा ऐकला की लोक हबकतात आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलतात.

यासाठी आपण एका जोडप्याचं वर्षभराचं गणित पाहू. जोडपं कल्पनेतलं आहे, पण आकडे पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही सोसायटीत सापडतील असेच आहेत. त्यांना तुषार आणि अश्विनी म्हणू. तुषार भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, हातात ३४,००० रुपये येतात. अश्विनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिला २४,००० मिळतात. मे महिन्यात लग्न झालं, चिंचवडला वन बीएचके भाड्यानं घेतला. दोघांचे मिळून ५८,००० येतात आणि महिनाअखेर खात्यात काही उरत नाही, अशी सुरुवात.

जून: तीन रकाने

पहिल्या महिन्याचं काम फक्त वहीतलं. अश्विनीनं दोघांच्या बँक खात्यांचे मागच्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट काढले आणि प्रत्येक खर्च तीनपैकी एका रकान्यात टाकला.

पहिल्या रकान्यात पगार थांबला तरी न थांबणारे खर्च. घरभाडं १४,०००, गाडीचा हप्ता ३,२००, किराणा-दूध-भाजी-गॅस ९,५००, वीज-मोबाइल-इंटरनेट २,३००, पेट्रोल ३,०००, तुषारच्या आईवडिलांना गावी पाठवायचे ५,००० आणि औषधपाणी वगैरे १,०००. एकूण ३८,०००.

दुसऱ्या रकान्यात वेळ आली तर उद्यापासून बंद करता येतील असे खर्च: बाहेरचं जेवण, सिनेमा, ऑनलाइन खरेदी, सुट्टीच्या दिवशीची भटकंती. ते महिन्याला ९,००० निघाले.

तिसरा रकाना बहुतेक लोक करतच नाहीत. त्यात वर्षातून एकदाच येणारे, पण येणारच हे माहीत असलेले खर्च. विम्याचे हप्ते २२,०००, गाडीचा विमा २,०००, सर्व्हिसिंग आणि टायर ६,०००, दिवाळी आणि लग्नकार्यातले आहेर २०,०००, गावी जाणंयेणं १०,०००. वर्षाचे ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००.

तिन्ही मिळून ५२,००० होतात. म्हणजे महिन्याला ६,००० उरायला हवे होते. ते उरत नव्हते, कारण तिसऱ्या रकान्यातला खर्च कधी या महिन्यात तर कधी त्या महिन्यात अचानक उगवायचा आणि शिल्लक गिळून टाकायचा. दिवाळी दरवर्षी येते, विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते. असा खर्च आणीबाणीत मोडत नाही. त्याच्यासाठी वेगळा गल्ला हवा, नाहीतर इमर्जन्सी फंड दर दोन महिन्यांनी त्याच्याच पायी रिकामा होतो.

आता फंड किती हवा? इथं अश्विनीनं महत्त्वाचा प्रश्न विचारला. "अरे, दोघांचेही पगार एकाच दिवशी कसे थांबतील?" दोघांची क्षेत्रं वेगळी आहेत. कारखान्याच्या ऑर्डरी घटल्या म्हणून लॅब बंद पडत नाही. तुषारची नोकरी गेली तर अश्विनीचे २४,००० येत राहतील आणि ३८,००० भागवायला १४,००० कमी पडतील. अश्विनीची गेली तर ४,००० कमी पडतील. त्यातला मोठा आकडा धरायचा. नवी नोकरी मिळून पहिला पगार हातात पडेपर्यंत सहा महिने धरले तर १४,००० गुणिले सहा, म्हणजे ८४,०००. त्यावर दवाखाना किंवा तातडीचा प्रवास यांसाठी एकरकमी ५०,०००. एकूण उद्दिष्ट १,३४,०००. सहा महिन्यांचा खर्च या सरधोपट नियमानं हाच आकडा २,२८,००० झाला असता.

ही सवलत प्रत्येक जोडप्याला मिळत नाही. नवराबायको एकाच कंपनीत किंवा एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या दोन कंपन्यांत असतील, तर दोन्ही पगार एकाच लाटेत जाऊ शकतात. त्यांनी पूर्ण खर्चच धरावा. एकटा कमावणारा असेल तिथंही पूर्ण खर्च. आणि ज्यांचं उत्पन्न कमिशनवर किंवा हंगामावर आहे, त्यांनी सरासरी महिना धरू नये, वर्षातला सर्वांत मंद महिना धरावा.

जूनमध्येच दोघांनी वेगळ्या बँकेत संयुक्त बचत खातं उघडलं. पगाराच्याच खात्यात पैसा ठेवला तर तो डोळ्यांसमोर राहतो आणि यूपीआयवरून नकळत खर्च होतो. नव्या खात्याला कुठलंही यूपीआय अॅप जोडलं नाही. फॉर्मवर व्यवहाराच्या पद्धतीसमोर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा पैसे काढू शकतो आणि एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याचा हात अडकत नाही. 'जॉइंटली' लिहिलं असतं तर दरवेळी दोघांच्या सह्या लागल्या असत्या, आणि दोघांतला एक अतिदक्षता विभागात असताना ते जमणार नाही. नॉमिनीचा रकानाही तिथल्या तिथं भरला. तुषारचा पगार सात तारखेला होतो, म्हणून आठ तारखेची स्थायी सूचना बँकेला दिली. पहिल्या महिन्यात ६,००० जमा.

जुलै आणि ऑगस्ट: पहिली ओढाताण

जुलैत दुसऱ्या रकान्याला कात्री लावली, ९,००० चे ६,००० केले. त्यामुळे फंडात ९,००० जाऊ लागले. शिल्लक १५,०००. तिकडे वार्षिक गल्ल्यात दरमहा ५,००० पडत होतेच.

ऑगस्टमध्ये विम्याचे हप्ते आले. लग्नानंतर दोघांच्या नावानं घेतलेली पाच लाखांची आरोग्य पॉलिसी आणि तुषारचा टर्म विमा मिळून २२,०००. गल्ल्यात तीनच महिन्यांचे १५,००० होते. ७,००० कमी पडले.

ही पहिल्या वर्षाची हमखास अडचण आहे. वार्षिक खर्चाचा गल्ला बारा महिने भरल्यावर नीट चालतो, पण पहिल्या वर्षी खर्च आपल्या सोयीनं थांबत नाहीत. अशा वेळी दोन्ही साठे सारख्याच वेगानं भरायचा हट्ट धरून उपयोग नाही. त्या महिन्याच्या ९,००० पैकी ७,००० हप्त्याला गेले, फंडात २,००० च पडले. शिल्लक १७,०००. तुषारला हे मागे पडल्यासारखं वाटलं. पण आरोग्य विमा चालू नसेल तर दीड लाखाचा फंड एका ऑपरेशनमध्ये संपतो. विमा आधी, फंड त्याच्यामागून, हा क्रम बदलायचा नाही.

सप्टेंबर: मोबाइल फुटला

गणपतीच्या गर्दीत अश्विनीचा मोबाइल पडला आणि स्क्रीनच्या काचा झाल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, नवाच घ्या, हप्ते करून देतो." नव्या फोनची किंमत २४,०००, दुरुस्ती ४,५००. फंडात तेव्हा १७,००० होते, तेव्हा मोह दोन्ही बाजूंनी होता.

फंडाला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. हे अनपेक्षित आहे का? हे केल्याशिवाय भागणार नाही का? आणि हे पुढच्या पगारापर्यंत थांबू शकत नाही का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच पैसे काढायचे. फोन फुटणं अनपेक्षित होतं आणि तिला लॅबचे फोन घ्यावे लागतात, म्हणून दुरुस्ती गरजेची होती. पण पगार आठवड्यावर होता आणि तोवर घरातला जुना फोन चालणार होता. दुरुस्तीचे ४,५०० पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रकान्यातून गेले, हॉटेलं बंद राहिली. फंडात ठरल्याप्रमाणे ९,००० पडून शिल्लक २६,००० झाली.

ऑक्टोबर: बोनस, आणि पैसा ठेवायचा कुठं

दिवाळीला तुषारला १८,००० बोनस मिळाला. त्यातले १०,००० फंडात आणि ८,००० दिवाळीला, असं वाटप झालं. गल्ल्यातले १०,००० आणि हे ८,००० मिळून १८,००० मध्ये फराळ, कपडे, भाऊबीज आणि गावची फेरी बसवली. पहिल्या वर्षी दिवाळी थोडी आखूड झाली. फंडात नेहमीचे ९,००० आणि बोनसचे १०,००० धरून ४५,००० झाले.

एक महिन्याचा संपूर्ण खर्च ओलांडला, तसा पुढचा प्रश्न आला. सगळे पैसे बचत खात्यात ठेवले तर व्याज फारच कमी. त्यांनी ३०,००० बचत खात्यात ठेवले, उरलेल्या १५,००० ची एक वर्षाची मुदत ठेव केली. पुढेही दर १५,००० ला एक नवी ठेव करायची ठरली. एकच मोठी ठेव का नाही? कारण २०,००० लागले तर ९०,००० ची ठेव मोडावी लागू नये. लहान ठेवी असतील तर गरजेपुरत्याच मोडता येतात.

मुदतीआधी ठेव मोडली तर दंड लागतो, या धास्तीनं अनेकजण ठेवीकडं वळत नाहीत. दंड किती, ते आकड्यात पाहू. समजा वर्षाच्या ठेवीला साडेसहा टक्के दर आहे आणि चार महिन्यांच्या ठेवीला पाच टक्के. चौथ्या महिन्याअखेर ठेव मोडली तर बँक सहसा जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून साधारण एक टक्का दंड कापते. म्हणजे चार टक्के. १५,००० वर चार महिन्यांचे २०० रुपये मिळतात. साडेसहानं ३२५ मिळाले असते. नुकसान सव्वाशे रुपयांचं, मुद्दल शाबूत. ठेव करताना एवढंच पाहायचं की ती मुदतीआधी न मोडता येणाऱ्या प्रकारातली नाही. कर वाचवण्यासाठीची पाच वर्षांची ठेव मोडता येत नाही, ती इथं चालणार नाही. पीपीएफही याच कारणासाठी बाद.

नोव्हेंबर: भिशी आणि जास्तीचं व्याज

लॅबमधल्या बायकांची भिशी होती, बाराजणी, दरमहा ५,०००. "अगं, बचतीची सवय लागते," असं सांगून मैत्रिणीनं अश्विनीला आग्रह केला. सवय लागते हे खरंच. पण भिशी नंबर लागेल तेव्हा हातात येते. अश्विनीचा नंबर नवव्या महिन्यात आणि अडचण तिसऱ्या महिन्यात आली तर तिचे पंधरा हजार तोवर दुसऱ्या कुणाच्या घरी लागलेले असतात. बोलीची भिशी असेल तर आधी उचलता येते, पण जेवढी निकड जास्त तेवढी बोली चढी आणि हातात येणारी रक्कम कमी. मधूनच एखादीनं हप्ते देणं सोडलं तर दाद कुणाकडं मागायची, हाही प्रश्न असतो. सोन्याच्या बांगडीसाठी भिशी ठीक, फंडासाठी नाही.

तुषारला त्याच्या चुलत्यांनी गावच्या पतसंस्थेचं सुचवलं. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. इथं एक फरक प्रत्येकाला ठाऊक हवा. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या संस्थेचं विमा संरक्षण असतं. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख रुपयांपर्यंत, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्था बँक नसते, त्यामुळे तिथं हे संरक्षण नाही.

आणि विमा असला तरी इमर्जन्सी फंडाच्या दृष्टीनं प्रश्न संपत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुढं ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तर सुरुवातीचे दिवस पैसे काढणंच बंद होतं, नंतर २५,००० पर्यंत मुभा मिळाली. २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पण दवाखान्याच्या काउंटरवर ९० दिवस कुणी थांबत नाही. म्हणून पगाराचं खातं एका बँकेत आणि फंड दुसऱ्या बँकेत, ही जूनमधली व्यवस्था इथं कामाला येते. एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहतं.

शिल्लक ५४,०००.

डिसेंबर: कार्ड चालतं का?

फंडाच्या खात्याला यूपीआय नाही, मग रात्री दोन वाजता पैसे द्यायचे कसे? डेबिट कार्डानं. पण सहा महिने ते कार्ड कपाटात पडून होतं. डिसेंबरात अश्विनीनं ते किराणा दुकानात वापरून पाहिलं तेव्हा पिन कुणालाच आठवेना.

पिन नवा करून घेतला. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन रोजची मर्यादा पाहिली. एटीएममधून काढायची मर्यादा वेगळी आणि दुकानात, दवाखान्यात कार्ड स्वाइप करायची वेगळी असते. नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद असतात, ते आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत. मग त्या खात्यातून स्वतःच्या पगाराच्या खात्यात एक हजार रुपये पाठवून पाहिले. नव्यानं जोडलेल्या खात्यावर अनेक बँका सुरुवातीचे काही तास किंवा दिवसभर मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. म्हणून ही जोडणी अडचण यायच्या आधीच झालेली हवी.

याच महिन्यात तुषारच्या मित्रानं लिक्विड फंड सुचवला. हे म्युच्युअल फंड ९१ दिवसांपर्यंतच्या रोख्यांत पैसे गुंतवतात, त्यामुळे चढउतार कमी. पण पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. काही योजनांत लगेच पैसे मिळण्याची सोय असते, तीही दिवसाला ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढ्यापुरती. शनिवारी रात्री लागणारा पैसा तिथं ठेवू नये. फंड दीड-दोन लाखांवर गेला की नोकरी गेल्यावर महिन्या-महिन्यानं लागणाऱ्या भागासाठी विचार करता येईल, असं ठरवून त्यांनी तो विषय मिटवला.

शिल्लक ६३,०००. दोन ठेवींत ३०,०००, बचत खात्यात ३३,०००.

जानेवारी: मध्यरात्रीचा दवाखाना

अश्विनीच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त समजून गोळी घेतली, रात्री दुखणं उजवीकडं सरकलं. सोनोग्राफीत अपेंडिक्स निघालं, पहाटे ऑपरेशन ठरलं.

पॉलिसी कॅशलेस होती आणि दवाखाना यादीतला होता. तरीही काउंटरवर २०,००० डिपॉझिट मागितलं. विमा कंपनीची पूर्वमंजुरी यायला वेळ लागतो आणि तोवर दवाखाने डिपॉझिट घेतात. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, औषधं आणि रिक्षा यांचे ६,५०० आधीच गेले होते. त्या रात्री एकूण २६,५०० लागले, ते कपाटातल्या कार्डावरून गेले. ठेवींना हात लावावा लागला नाही.

बिल ९२,००० झालं. विमा कंपनीनं ८१,००० मंजूर केले. उरलेल्या ११,००० मध्ये हातमोजे, सिरिंज, नोंदणी शुल्क अशा गोष्टी होत्या, ज्या बऱ्याच पॉलिसींत धरल्या जात नाहीत. डिपॉझिटमधून ११,००० वळते झाले आणि ९,००० परत आले. म्हणजे फंडातून प्रत्यक्षात १७,५०० गेले. शिवाय अश्विनीची रजा संपलेली होती, दहा दिवसांचे ८,००० पगारातून कापले गेले. त्या महिन्यात फंडात १,००० च पडू शकले. शिल्लक ४६,५००.

फंड नसता तर हे २६,५०० क्रेडिट कार्डावर गेले असते. पूर्ण बिल वेळेत भरलं तर त्यात तोटा नाही. पण ज्यांच्याकडं शिल्लकच नाही ते 'किमान देय रक्कम' भरतात, आणि मग उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, तेही खरेदीच्या दिवसापासून. वर त्या व्याजावर जीएसटी. शिवाय बाकी थकलेली असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे किराणाही व्याजावर येतो.

फेब्रुवारी: परत आलेले पैसे

दवाखान्यात भरती होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च पॉलिसीत धरलेला असतो, पण तो आपोआप मिळत नाही. मूळ बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अहवाल जोडून वेगळा दावा करावा लागतो. तुषारनं सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवले होते. ६,५०० पैकी रिक्षा वगैरे सोडून ६,००० परत आले.

ते आले तेव्हा, "एवढं सगळं झालंय, लोणावळ्याला जाऊन येऊ या का?" असा प्रश्न घरात निघालाच. फंडातून गेलेले पैसे परत आले तर ते फंडाचेच. ९,००० नेहमीचे, ६,००० परतीचे. शिल्लक ६१,५००.

मार्च: एका पगारावर महिना

इथवरचं गणित जूनमधल्या ३८,००० वर उभं होतं. तो आकडा बरोबर आहे का, हे तपासायचा एकच खरा मार्ग आहे. मार्चमध्ये दोघांनी तुषारचा पगार नाहीच असं समजून महिना काढायचं ठरवलं. त्याचा पगार आला त्याच दिवशी फंडाच्या खात्यात वळवला. घर अश्विनीच्या २४,००० वर चालवायचं आणि कमी पडेल तेवढंच तिकडून काढायचं. बाहेरचं जेवण नाही, खरेदी नाही.

१४,००० कमी पडायला हवे होते, १७,००० पडले. कारण शोधल्यावर दिसलं की पहिल्या रकान्यात तीन गोष्टी सुटल्या होत्या: सोसायटीतल्या पार्किंगचे पैसे, अश्विनीच्या बहिणीला क्लाससाठी द्यायचे दोन हजार आणि पाहुणे आले की वाढणारा किराणा. यातलं काहीच चैनीचं नव्हतं. न थांबणारा खर्च ४१,००० होता.

तूट १७,०००, सहा महिन्यांचे १,०२,०००. त्यावर दवाखान्यासाठीचे ५०,०००. उद्दिष्ट १,३४,००० वरून १,५२,००० झालं. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष जगलेला आकडा यांत महिन्याला तीन हजारांचा फरक निघाला. नोकरी गेल्यावर तो कळला असता तर पाचव्या महिन्यातच पैसे संपले असते.

या सरावाचा आणखी एक फायदा झाला. महिन्याचे ४१,००० आणि गल्ल्याचे ५,००० जाऊन १२,००० शिल्लक पडले. फंडात ७३,५००.

एप्रिल आणि मे: वर्षाचा हिशेब

एप्रिलमध्ये तुषारचा पगार २,००० नं वाढला. स्थायी सूचना त्याच आठवड्यात ९,००० ची ११,००० केली. वाढीव पगाराची सवय लागायच्या आत हे केलं तर ते टोचत नाही. शिल्लक ८४,५००. मे महिन्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला, भाडं ७०० नं वाढलं, करार नोंदवायचा खर्चही थोडा आला. म्हणून १०,००० पडले.

वर्षाअखेर फंडात ९४,५०० आहेत, व्याज सोडून. उद्दिष्ट १,५२,०००. अजून ५७,५०० बाकी, म्हणजे याच वेगानं आणखी सहा महिने. पण या रकमेत काय निभावतं ते पाहा. आज तुषारची नोकरी गेली आणि मध्ये आजारपण आलं नाही, तर महिना १७,००० प्रमाणे साडेपाच महिने घर चालतं. न उसनं मागता, न दागिने गहाण ठेवता.

उद्दिष्ट गाठल्यावर आठ तारखेची सूचना थांबवायची आणि तेच पैसे पुढच्या ध्येयाकडं वळवायचे. बेसुमार फुगवलेला फंड म्हणजे कमी व्याजावर निजलेला पैसा. मात्र दरवर्षी जूनमध्ये तीन रकाने पुन्हा भरायचे, कारण भाडं आणि किराणा वाढतात तशी तूटही वाढते.

आणि एका घटनेनं हा सगळा हिशेब पालटतो: मूल. अश्विनीच्या लॅबमध्ये दहापेक्षा जास्त माणसं आहेत, त्यामुळे कायद्यानं तिला २६ आठवडे पगारी रजा मिळू शकते. पण त्यानंतर ती वर्षभर घरी राहिली तर? खर्च ४१,००० वरून बाळाचे ६,००० धरून ४७,००० होईल आणि तुषारचा पगार ३६,००० आहे. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही महिन्याला ११,००० कमी पडतील. बारा महिन्यांचे हे १,३२,००० आणीबाणीचे नाहीत, आधीच माहीत असलेला खर्च आहे, तो तिसऱ्या रकान्यात जातो. आणि त्या वर्षात तुषारची नोकरी गेली तर घरात दुसरा पगारच नसेल, मग तूट पूर्ण ४७,००० ची. सहा महिन्यांचे २,८२,०००.

दोन पगारांमुळे मिळालेली सवलत त्या दिवशी संपते, म्हणून हे गणित बाळाची चाहूल लागायच्या आधी, दोघांचेही पगार चालू असताना मांडायचं. तुषार आणि अश्विनीनं दुसऱ्या जूनची वही उघडली ती याच पानापासून.